नागलीच्या पाकिटात नागली किती?

नाशिकमध्ये नाचणीला नागली म्हणतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या डोंगरउतारांवर ती पिकते आणि उन्हाळ्यात इथल्या गच्च्यांवर तिचे पापड वाळतात. पाकिटावर मात्र तिचं नाव रागी किंवा फिंगर मिलेट असतं. शेजारच्या वहिनींनी मुलाच्या डब्यासाठी फुगवलेल्या कुरकुरीत पफचं असंच एक पाकीट आणलं होतं. समोर नागलीचं कणीस, ज्वारीचं कणीस आणि ‘भाजलेले, तळलेले नाही’ अशी ओळ. मागे मुंगीच्या अक्षरात घटकांची यादी. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “ताई, हे आम्हाला कळेल असं लिहून द्या ना. मंडळातल्या सगळ्याच विचारतात.”

मी बसून एक लांबलचक पोस्ट लिहिली. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय, सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे काय, असा प्रत्येक नावाचा अर्थ एकाखाली एक दिला. वहिनींनी ती मनापासून वाचली आणि विचारलं, “हे समजलं. पण यात नागली किती आहे?” माझ्या पोस्टमध्ये याचं उत्तर कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक घटकाबद्दल आधी दोन गोष्टी शोधते: तो किती आहे आणि तो तिथे कशासाठी आहे. नावाचा अर्थ त्यानंतर.

त्या पाकिटावरची यादी मराठीत अशी होती: तांदळाचं पीठ, मक्याचा रवा, खाद्यतेल (पामोलीन), नागलीचं पीठ (१० टक्के), मसाला मिश्रण (माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ, साखर, टोमॅटो पावडर, कांदा पावडर, मसाले, अॅसिडिटी रेग्युलेटर ३३० आणि २९६, फ्लेवर एन्हान्सर ६२७ आणि ६३१, अँटिकेकिंग एजंट ५५१), ज्वारीचं पीठ (५ टक्के). पाकीट ३० ग्रॅमचं.

ही यादी वाटेल तशी लिहिता येत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे, बनवताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त घातला तो सर्वांत आधी येतो आणि पुढे उतरता क्रम लागतो. समोरच्या बाजूला शब्दाने किंवा चित्राने ज्या घटकाचा ठळक उल्लेख केला असेल, त्याची टक्केवारी सांगावी लागते. म्हणून नागली आणि ज्वारीपुढे आकडे आहेत, तांदळापुढे नाहीत. तांदळाचं चित्र कोणी काढलेलं नाही.

टक्केवारी मिळाली की ती आधी पाकिटावर आणायची, कारण कोणी १०० ग्रॅम खात नाही. ३० ग्रॅमचे १० टक्के म्हणजे ३ ग्रॅम नागली. ५ टक्के म्हणजे दीड ग्रॅम ज्वारी. मी घरच्या काट्यावर साडेचार ग्रॅम पीठ मोजून पाहिलं, तर चहाच्या चमच्याने जेमतेम दोन चमचे भरलं. ‘साडेचार ग्रॅम’ ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं, दोन चमचे पीठ बशीत पाहिल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “एवढंच?”

नागलीची कीर्ती मुख्यतः कॅल्शियममुळे आहे, तेव्हा तोही हिशेब करून पाहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. ३ ग्रॅममध्ये ते होतं सुमारे ११ मिलिग्रॅम. घरी एका मध्यम भाकरीला मी ५० ग्रॅम नागलीचं पीठ घेते. त्यात सुमारे १८० मिलिग्रॅम येतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे एका भाकरीइतकं नागलीचं कॅल्शियम मिळवायला अशी सोळा-सतरा पाकिटं लागतील.

इथवर आल्यावर मी रागाने दुसरी पोस्ट लिहिली: नागलीच्या नावाखाली तांदूळ आणि मका विकतात, ही फसवणूक आहे. ती पाठवण्याआधी एका जुन्या विद्यार्थ्याला दाखवली. तो अंबडच्या एका लहान कारखान्यात पफचं मशीन चालवतो. त्याने वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, नुसत्या नागलीचा पफ काढून दाखवतो, खाऊन बघा.” पुढच्या आठवड्यात त्याने खरंच एक पिशवी आणून दिली. बोटभर लांबीच्या, तपकिरी, दगडासारख्या कांड्या होत्या. दाताने फुटत नव्हत्या.

त्याचं कारण मशीनच्या कामात आहे. या मशीनला एक्स्ट्रूडर म्हणतात. जाड पोलादी नळी असते, तिला बॅरल म्हणतात, आणि तिच्यात घट्ट बसणारा स्क्रू फिरतो. पिठात किंवा रव्यात थोडंच पाणी असतं, वजनाच्या साधारण १२ ते १६ टक्के. स्क्रू ते पुढे ढकलतो, दाबतो, घुसळतो, आणि घर्षणाने व बाहेरून दिलेल्या उष्णतेने तापमान १२० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत चढतं. एवढ्या उष्णतेत पाण्याची वाफ व्हायला हवी, पण आत दाब इतका असतो की पाणी वाफ होऊ शकत नाही. पिठातला स्टार्च वितळून चिवट लगदा होतो. हा लगदा टोकाच्या बारीक भोकातून, म्हणजे डायमधून, बाहेर पडतो त्या क्षणी दाब एकदम उतरतो. अडकलेल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, लगदा आतून फुगतो आणि फुगलेल्या अवस्थेतच गार होऊन ताठ होतो. पफ म्हणजे अशा हजारो वाफेच्या बुडबुड्यांचा वाळलेला फेस. तोंडात तो पटकन विरघळतो, कारण बुडबुड्यांच्या भिंती फार पातळ असतात.

या भिंती टिकून राहायला ताणला जाणारा स्टार्च लागतो, आणि तांदूळ व मक्याच्या रव्यात तो भरपूर असतो. नागलीतही स्टार्च आहे, पण तिच्यासोबत तिचं साल येतं. नागलीचा दाणा मोहरीएवढा, आतला गर मऊ आणि साल त्याला घट्ट चिकटलेलं. तांदळासारखं सडून ते सहज वेगळं करता येत नाही, म्हणून नागली बहुधा सालासकट दळली जाते. तिचं कॅल्शियम आणि तंतू यांचा मोठा वाटा त्या सालातच असतो. पण सालाचे हे तुकडे वितळत नाहीत. फुगणाऱ्या भिंतीत ते टोचतात, बुडबुडा वेळेआधी फुटतो, वाफ निसटते आणि पफ बसतो. पिठातली प्रथिनं आणि स्निग्धांशही फुगण्याला आडवे येतात. नागली ज्या गुणासाठी घ्यावी, तोच गुण पफ फुगण्याच्या वाटेत येतो. म्हणून मशीनवाला नागली थोडी आणि तांदूळ-मका जास्त घेतो. माझा विद्यार्थी सांगत होता की पफ मऊ हवा असेल तर नागली जपूनच घालावी लागते, आणि वाटा वाढवला की कडक कांड्या घेऊन गिऱ्हाईक परत येतं.

मी ‘फसवणूक’ हा शब्द खोडला. तांदूळ तिथे कशासाठी आहे हे सांगितल्याशिवाय तो किती आहे हे सांगणं अर्धवट ठरलं असतं. समोरच्या चित्राबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. १० टक्क्यांच्या घटकाचं कणीस पाकीटभर काढणं मला योग्य वाटत नाही.

एक्स्ट्रूडरचा आणखी एक परिणाम मी पोस्टमध्ये आवर्जून घेतला. बॅरलमध्ये स्टार्च पूर्ण शिजतो आणि त्याच्या लांब साखळ्या तुटतातही, त्यामुळे पाचकरसांना तो लवकर फोडता येतो. भरड धान्याची भाकरी साखर सावकाश वाढवते असं ऐकून मधुमेही माणसाने त्याच भरवशावर हा पफ खाऊ नये. ‘तळलेले नाही’ हेही खरं आहे, पण पफ कोरडाच बाहेर पडल्यावर फिरत्या ड्रममध्ये त्याच्यावर तेलाचा फवारा मारतात, नाहीतर मसाला चिकटत नाही. या पाकिटावर १०० ग्रॅममागे २० ग्रॅम स्निग्धांश होते. पिठांतून त्यातले फार तर एक-दोन ग्रॅम येतात, म्हणजे तेल १८ टक्क्यांच्या आसपास. यादीत ते नागलीच्या आधी येतं, ते बरोबरच आहे.

तेल कळलं की तांदूळ-मक्याचा न छापलेला आकडाही हाती येतो. १०० मधून तेलाचे १८, नागलीचे १० आणि ज्वारीचे ५ वजा करा. मसाला मिश्रण नागलीच्या मागे आणि ज्वारीच्या पुढे आहे, म्हणजे ते ५ ते १० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. उरतात साधारण ५७ ते ६२. तेवढे तांदूळ आणि मका मिळून. तांदूळ आधी लिहिला आहे, म्हणजे तो त्यातला निम्मा किंवा जास्त. ज्या घटकाची टक्केवारी छापलेली नाही, त्याला असं दोन्ही बाजूंनी घेरता येतं. नेमका आकडा मिळत नाही, पण ‘जवळपास साठ टक्के’ असं ठामपणे लिहिता येतं.

मसाल्याच्या कंसात टक्केवारी एकाही घटकाची नव्हती. तिथे मला मिठाचा उपयोग झाला. मिठाचं वजन छापलेलं नसतं, पण पोषणाच्या चौकटीत सोडियम असतं. सोडियमला अडीचने गुणलं की साधारण मीठ मिळतं, कारण मिठाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. या पाकिटावर १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम सोडियम होतं. म्हणजे मीठ जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅम. थोडं सोडियम ६२७ आणि ६३१ मधूनही येतं, म्हणून प्रत्यक्षात किंचित कमीच. कंसात मिठाच्या मागे जे जे लिहिलं आहे, ते प्रत्येक सव्वादोन टक्क्यांपेक्षा कमी किंवा फार तर तेवढंच. टोमॅटो पावडर, कांदा पावडर आणि ज्या आकड्यांना लोक घाबरतात ते सगळे आकडे मिठाच्या मागे आहेत. ३० ग्रॅमच्या पाकिटात मीठ पाऊण ग्रॅमहूनही थोडं कमी येतं, तेव्हा बाकीच्यांचा अंदाज करता येतो.

इथे माझी एक चूक झाली. कागदावर माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द ज्वारीच्या आधी छापलेला आहे, म्हणून मी लिहिलं की यात ज्वारीपेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन जास्त आहे. हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही. कंसाबाहेरचा क्रम कंसाबाहेरच्यांना लागू होतो. तिथे तुलना अख्ख्या मसाला मिश्रणाची आणि ज्वारीची आहे. कंसातला क्रम फक्त कंसातल्यांपुरता. माल्टोडेक्स्ट्रिन मिठाहून कमी नाही, एवढंच म्हणता येतं. ते दोन टक्के असेल किंवा पाचही. ही दुरुस्ती मी त्याच दिवशी सगळ्यांना कळवली, कारण चुकीची पोस्ट दुरुस्तीपेक्षा लांब जाते.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली जवळजवळ बेचव पांढरी भुकटी. मसाला सारखा पसरावा आणि मोकळा राहावा म्हणून तो भर असतो. तो झपाट्याने पचून ग्लुकोज होतो, पण त्याचा बहुतेक भाग चौकटीतल्या साखरेच्या आकड्यात दिसत नाही, कर्बोदकांत दिसतो. मसाल्याच्या एवढ्याशा प्रमाणात मी त्याची फार चिंता करणार नाही. साठ टक्के शिजलेल्या तांदूळ-मक्याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे.

खरा घोटाळा भाषांतराचा होतो. मंडळातल्या एका आजींनी ‘अॅसिडिटी रेग्युलेटर’ वाचून मला सांगितलं, “बरं झालं, यात पित्ताचं औषध पण घातलंय.” मला क्षणभर काय बोलावं सुचेना. त्यांनी वाचलेले शब्द बरोबर होते. आपल्याकडे अॅसिडिटी म्हणजे छातीतली जळजळ, आणि पाकिटावर त्याच शब्दाचा अर्थ पदार्थाचा आंबटपणा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं ते. २९६ म्हणजे मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा. पहिलं जिभेवर चटकन लागतं आणि ओसरतं, दुसरं रेंगाळतं. दोन्ही मिळून चटपटीत चव तयार होते. म्हणून मी पोस्टमध्ये ‘आम्लता नियंत्रक’ असा शब्दाला शब्द ठेवला नाही. सरळ लिहिलं: “३३० आणि २९६ ही आंबट चवीसाठी घातलेली आम्लं आहेत. पित्ताशी यांचा औषध म्हणून संबंध नाही. ज्यांना आंबट खाऊन जळजळ होते, त्यांना यानेही होऊ शकते.”

६३१ ची गोष्ट जास्त नाजूक होती. हा आकडा म्हणजे डुकराची चरबी, असा निरोप फोनवरून बरीच वर्षं फिरतो आहे, आणि आमच्याकडेही आला होता. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. ती चरबी नाही; पाण्यात विरघळणारा क्षार आहे. निरोपाला थोडा आधार आहे तो असा की हा पदार्थ मांसात आणि मासळीत मुळातच असतो. जपानमध्ये १९१३ साली शिंतारो कोडामा यांनी तो सुकवलेल्या बोनिटो मासळीतून ओळखला, आणि तो प्राण्यांपासून काढताही येतो. पण साखर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या प्रक्रियेनेही तो तयार करतात. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर मांस-मासळीपासून काढलेला घटक वापरण्याची मुभाच नाही. तेव्हा शाकाहारी माणसाने आकड्याआधी ठिपका पाहावा.

तो कशासाठी घालतात, हे मला सर्वांत रंजक वाटतं. ६२७ आणि ६३१ एकटे फारसं काही करत नाहीत. टोमॅटोत ग्लुटामेट नैसर्गिकपणे असतं, त्याच्या जोडीला हे आले की जिभेला रश्श्यासारखी भरलेली चव कित्येक पटींनी जास्त जाणवते. म्हणूनच चिमूटभर टोमॅटो पावडरीवर अख्खी चव उभी राहते, आणि एक पफ खाल्ल्यावर हात पुन्हा पिशवीत जातो. हे दोन्ही प्युरीन वर्गातले आहेत. गाऊटच्या रुग्णांना डॉक्टर प्युरीन कमी घ्यायला सांगतात, म्हणून त्यांच्यासाठी मी तेवढं एक वाक्य जोडलं.

५५१ बद्दल एकाने विचारलं, “ही वाळू आहे का?” रासायनिक सूत्र दोघांचं एकच, सिलिकॉन डायऑक्साइड. वाळूत त्याचे कडक स्फटिक असतात. ५५१ ही कारखान्यात केलेली, स्फटिक नसलेली, अतिशय हलकी भुकटी आहे. ती मसाल्यातली ओल धरते, म्हणजे ड्रममध्ये गोळे होत नाहीत.

शेवटी वहिनींच्या प्रश्नाची पोस्ट अशी झाली: “या ३० ग्रॅमच्या पाकिटात नागली ३ ग्रॅम आणि ज्वारी दीड ग्रॅम आहे, मिळून चहाचे दोन चमचे पीठ. जवळपास साठ टक्के भाग तांदूळ आणि मका, कारण पफ त्यांच्यामुळे फुगतो. तेल सुमारे साडेपाच ग्रॅम, सोडियम २७० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. नागलीचं कॅल्शियम ११ मिलिग्रॅम, एका भाकरीत १८०. कधीतरी खाऊ म्हणून द्या, भाकरीऐवजी नको.”

वहिनींनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पाकीट घेऊन आल्या. समोर ज्वारीचं तेच कणीस. मागे एवढंच: ज्वारी (८० टक्के), शेंगदाणा तेल, मीठ, हळद. त्या ज्वारीच्या लाह्या होत्या, नागपंचमीला फोडतो तशा. लाहीला एक्स्ट्रूडर लागत नाही, कारण ज्वारीच्या दाण्याचं कडक सालच तिथे बॅरलचं काम करतं. दाणा तापतो, आतलं पाणी सालाखाली दाबून धरलं जातं, साल फुटलं की वाफ सुटते आणि स्टार्च फुलतो. आमच्या आजी ज्वारीवर आदल्या रात्री पाणी शिंपडून झाकून ठेवायच्या, ते दाण्यात वाफेपुरती ओल असावी म्हणून. पिठाच्या लगद्यात साल बुडबुडे फोडतं. अख्ख्या दाण्यात तेच दाब धरून ठेवतं. त्यामुळे तांदूळ-मक्याची मदत लागत नाही आणि साल लाहीसोबत पोटात जातं.

वहिनींनी या वेळी मला विचारलं नाही. स्वतःच ३० ला ८० टक्क्यांनी गुणून २४ ग्रॅम काढले, मग सोडियम शोधलं आणि अडीचने गुणायला लागल्या.